मदत हवी आहे: नोटिशीच्या तात्पुरत्या उत्तरात डेबिट नोटचा उल्लेख करावा का?

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. कास्टिंगच्या जुन्या बिलापोटी २,४०,००० रुपये आणि व्याज मागणारी वकिली नोटीस स्पीड पोस्टाने आली आहे. मुदत १५ दिवस, त्यातले ६ गेले. आमचे वकील १० दिवसांनी परतणार, म्हणजे मुदत संपल्यावर. चेक दिलेला नव्हता, त्यामुळे कलम १३८चा विषय नाही.

लिफाफ्यावर पोचल्याची तारीख लिहून तो जपून ठेवलाय. समोरच्यांशी फोन, व्हॉट्सॲप बंद. अकाउंटंट ‘विषय मिटावा म्हणून’ दहा हजार पाठवणार होता, त्याला थांबवलं.

मसुदा असा:

“आपली नोटीस मिळाली. त्यातील मजकूर आम्हाला मान्य आहे असे समजू नये. कागदपत्रे तपासून वकिलांमार्फत सविस्तर उत्तर देऊ. बिल, चलन व खातेउतारा यांच्या प्रती पाठवाव्यात. आमचे सर्व हक्क राखून हे पत्र देत आहोत.”

‘थोडी सवड द्या’ हे मुद्दाम टाळलंय. बिलासाठी कोर्टात दावा करायची तीन वर्षांची मुदत दोन महिन्यांत संपते आणि सहीनिशी देणं कबूल केलं की लिमिटेशन कायद्याच्या कलम १८ने ती नव्याने मोजली जाते. पैसे द्यायला नकार देताना किंवा वजावट मागताना केलेली कबुलीही त्यात धरली जाऊ शकते.

अडलंय इथेच. ब्लोहोल निघालेल्या ३८ नगांची डेबिट नोट तेव्हाच दिली होती, पोचही आहे. तिचा उल्लेख आत्ता केला तर ‘बाकीची रक्कम मान्य’ असा अर्थ निघेल का? की ती वकिलांच्या उत्तरासाठी राखून ठेवली, तर ‘नंतर सुचलेली सबब’ म्हणतील?