मदत हवी आहे: गच्चीवरच्या मोटरच्या वायरला टेप की हीट श्रिंक स्लीव्ह?

नाशिकरोडला गच्चीवरच्या मोटरची 2.5 चौरस मिमी वायर उघड्यावर जोडायची आहे. एप्रिलच्या उन्हात पीव्हीसी टेपचा गोंद पाझरतो, शेवटचा वेढा सुटतो आणि पावसात पाणी शिरतं, म्हणून टेप बाद. अडचण स्लीव्हच्या मापाची आहे. वायर बाहेरून साधारण 3.5 मिमी, पिळलेला जोड 5 मिमी. 8 मिमीची साधी 2:1 स्लीव्ह आकसून 4 मिमीच होते. जोडावर घट्ट, टोकांना मात्र ढिली. आतून गोंद असलेली 9 मिमीची 3:1 स्लीव्ह 3 मिमीपर्यंत येते, ती टोकांनाही धरेल असं वाटतं. दोन्ही बाजूंना इन्सुलेशनवर किती चढवता? फेज-न्यूट्रलचे जोड मागेपुढे ठेवून वरून एक मोठी स्लीव्ह घालता का? आणि हो, गोंदवाली स्लीव्ह मेन रोडला सुटी मिळते का?