सहकाऱ्याची आई किंवा वडील गेले, तर मेलमध्ये काय लिहिता? अनुभव सांगा

वेर्णेकरीण: वेर्ण्याच्या औषध कंपनीत मी गुणवत्ता विभागात आहे. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची आई परवा वाळपईला वारली. आमचं बोलणं कामापुरतंच, त्यांच्या घरी मी कधी गेले नाही. फोन करणं आगाऊपणाचं वाटलं, म्हणून मेल लिहिला. विषयाच्या जागी ‘तुमच्या आईंबद्दल’ एवढंच. खाली त्यांचं नाव आणि हे:

‘आई गेल्याचं आज सकाळी कळलं. फार वाईट वाटलं. ऑडिटच्या दिवसांत तुम्ही उशिरापर्यंत थांबायचात, तेव्हा जेवलास का म्हणून त्यांचा फोन हमखास यायचा, ते आठवलं. तुमच्याकडची बॅच रेकॉर्डं मी तपासते आहे, त्यासाठी तुम्हाला कुणी फोन करणार नाही. या मेलला उत्तर द्यायची गरज नाही.’

‘काही लागलं तर सांगा’ मुद्दाम टाळलं. काय लागेल याचा विचार त्यांनी त्या दिवशी का करावा? माझ्या हातात रेकॉर्डं होती, तेवढंच लिहिलं. तुम्ही काय लिहिता, आणि कुठे थांबता?

साखळीकर: बाराव्यापर्यंत काही पाठवू नये असं माझं मत. सुतकात मेल कोण उघडतो? माणूस कामावर आला की दोन शब्द बोलावेत.

पाटो, पणजी: मी बरीच वर्षं मनुष्यबळ विभागात आहे. साखळीकर, लगेच उघडत नाहीत हे खरं, पण मेल थांबून राहतो, तीच त्याची सोय. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाठवावा. कामावर परतल्याच्या सकाळी सगळ्यांनी टेबलाभोवती जमून बोलणं बऱ्याच जणांना जड जातं.

खरी गडबड होते ती सगळ्यांना जाणाऱ्या सूचनेत. नाव, नातं, आणि घरच्यांनी होकार दिला असेल तरच अंत्यविधीची वेळ नि जागा, एवढंच त्यात असावं. कशाने गेल्या, किती दिवस इस्पितळात होत्या, हे आपण वाटायचं नाही. सूचना पाठवताना सगळ्यांचे पत्ते ‘बीसीसी’त घाला. मग कुणी ‘रिप्लाय ऑल’ दाबलं तरी उत्तर पाठवणाऱ्याकडेच येतं. नाहीतर घरात माणसं बसलेली आणि त्या सहकाऱ्याच्या फोनवर ‘ओम शांती’चे मेल एकामागून एक येत राहतात. हे मी पाहिलं आहे.

आणि सांत्वनाचा मेल कामाच्या जुन्या मेलच्या उत्तरात लिहू नका. पुढे तो बिल किंवा ऑर्डर शोधायला जातो आणि हेच पुन्हा समोर येतं.

मडगावची: आमच्या टीममधल्या एकाचे पप्पा गेले. तो कॅथलिक. साचा तयारच होता, ‘आत्म्यास सद्गती लाभो’. मी तो घेतला नाही. ‘पप्पांबद्दल ऐकून खूप वाईट वाटलं, तू आणि मम्मी सारख्या आठवताहात,’ एवढंच कोंकणीत लिहिलं. महिन्याच्या मिसेचं मात्र लक्षात ठेवलं. त्या आठवड्यात दोन ओळींचा दुसरा मेल पाठवला. पहिल्याला उत्तर नव्हतं, दुसऱ्याला भलंमोठं आलं. तोवर बाकीचे सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात.

डिचोलीचा: याच विषयावर माझं. माझे वडील गेल्या महिन्यात वारले. बारा दिवसांची रजा हवी होती, तर साहेबांना मेल कसा लिहायचा होता? कुणाकडे नमुना आहे का?

पाटो, पणजी: वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. धागा सांत्वनाच्या मेलचा आहे, तरी सांगते: कधी गेले, किती दिवस येणार नाही, तातडीचं काम कुणाकडे, या तीन ओळी पुरतात. रजा कोणत्या खात्यातून जाईल ते तुमच्या कंपनीच्या नियमात पाहा.

फोंडेकर: मी मेल घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो. बाबा गेले तेव्हा साहेबांचा मेल चांगला होता, पण शेवटी ‘साधारण कधी रुजू व्हाल?’ असं होतं. त्यानंतर वरचं काहीच आठवत नाही. रुजू होण्याचं माझ्या ऐवजी टीममधल्या दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर चाललं असतं. दुसऱ्या एका बाईंनी बाबांचं वय, आजार, सगळं विचारलं. भावना चांगली होती, पण प्रश्न आला की उत्तर देणं भाग पडतं.

साखळीकर: बरं, लगेच पाठवायचं हे पटलं. पण आईची आठवण लिहिणं? मी सहकाऱ्याच्या आईला कधी पाहिलंच नसेल तर?

वेर्णेकरीण: मीही पाहिलं नव्हतं. फोन ऐकला होता, तेवढंच लिहिलं. काहीच ठाऊक नसेल तर ती ओळ सोडून द्यावी, ‘त्या फार थोर होत्या’ असं लिहू नये.

पाटो, पणजी: इथे मी थोडी अडखळते. बरोबरीच्या माणसाने लिहिलं तर ठीक. पण वरच्या पदावरच्या पुरुषाने हाताखालच्या मुलीला ‘तुझ्या आईचे फोन ऐकायचो’ असं लिहिलं तर? तिला ते पाळतीसारखं वाटू शकतं. साहेबाने आठवण टाळून कामाची सोय तेवढी लिहावी असं मी सांगते.

मडगावची: मला तसं वाटत नाही. माझे वरिष्ठ नुसतं कामाचं लिहितात, ते फार कोरडं लागतं. माणूस कोण आहे त्यावर आहे हे.