निबंधाचा शेवट सुरुवातीसारखाच होतोय, काय करू?

दारव्ह्याची_पोर:
एम.ए. मराठी, पहिलं वर्ष. उद्धव शेळक्यांच्या 'धग'वर निबंध आहे, उद्या अकराच्या बसनं तालुक्याले नेऊन द्यायचा. हातानं लिहिलाय आणि शेवटाले दहाच ओळींची जागा उरलीय.
सुरुवात: "धग ही परिस्थितीपुढे न हरणाऱ्या कौतिकची कहाणी आहे."
शेवट: "अशा प्रकारे कौतिक परिस्थितीपुढे हार मानत नाही, हे आपण पाहिले."
मॅडमनं मागच्या निबंधावर लाल पेननं लिहिलं होतं, 'हे वर वाचलं.' सांगा काही.

कपाशीवाला:
तुकडोजी महाराजांची ओवी टाक शेवटाले. ग्रामगीतेत प्रत्येक विषयावर सापडते. मी बी.ए.ले तेच केलं, पास झालो. अक्षर मात्र चांगलं पाह्यजे.

नेट_तिसऱ्यांदा:
ओवीनं काही होत नाही. शेवटात नवीन मुद्दा लागतो. माझ्या अनुभवानं सांगतो, दीड पान लिही: ग्रामीण साहित्याची परंपरा, शेतकऱ्याची आजची अवस्था, स्त्रीवाद, सगळं घे. मी असंच लिहितो.

वऱ्हाडी_ठसका:
म्हणूनच तिसऱ्यांदा 😄 आणि तिच्याकडं दहा ओळी हायेत बाप्पा, दीड पान कुठून आणंल?

निवृत्त_मास्तर:
पोरी, मधल्या परिच्छेदांत काय काय लिहिलंस ते एकेका ओळीत सांग. सुरुवात सध्या वहीनं झाकून ठेव.

दारव्ह्याची_पोर:
१. नवरा महादेव कामाचा नाही, घर कौतिकच्या हातावर चालते.
२. मुलांसाठी ती राबते.
३. संवाद वऱ्हाडीत आहेत, म्हणून ती खरी वाटते.
४. शेवटी ती कोलमडते.

निवृत्त_मास्तर:
आता वही काढ. सुरुवातीत 'न हरणारी', चौथ्या परिच्छेदात 'कोलमडते'. शेवटात पुन्हा 'हार मानत नाही' लिहिलंस म्हणजे स्वतःचाच चौथा परिच्छेद खोडलास. मॅडम बहुतेक तिथंच अडखळतील. तुझा शेवट निव्वळ पुनरुक्ती नाही, तो चुकीचासुद्धा झालाय.
आता स्वतःला विचार: ती एवढी राबली, तरी का कोलमडली? उत्तर पहिल्या दोन परिच्छेदांतच आहे. सगळा भार एकाच अंगावर होता, वाटून घ्यायला कुणी नव्हतं. म्हणजे कष्ट कमी पडले नाहीत, कष्टांना जोड मिळाली नाही. हे तू कुठंच लिहिलेलं नाहीस, पण पुरावा तुझाच आहे. शेवट तिथून पुढं न्यायचा. नवा प्रसंग किंवा नवं अवतरण आणू नकोस, ते सिद्ध करायला जागा उरलेली नाही. जुन्याच प्रसंगांचा नवा अर्थ चालतो.
आणि सुरुवातीतला 'न हरणारी' हा शब्द बदलून घे.

नेट_तिसऱ्यांदा:
मीही तेच म्हणत होतो, नवीन मुद्दा.

निवृत्त_मास्तर:
नाही. तुमचा मुद्दा बाहेरून येतो, हा आतून निघतो. एका कौतिकवरून आजच्या सगळ्या शेतकऱ्यांवर उडी मारली की मधला पूलच नसतो. फार तर एक पायरी वर: या कादंबरीत कष्टाचं काय होतं, इथपर्यंत.

वऱ्हाडी_ठसका:
पण कौतिक हरली काहून म्हणता मास्तर? कोलमडणं म्हणजे हरणं नोहे. माझ्या आजीनं सतरा वर्ष एकटीनं शेत पाह्यलं, मंग अंथरुण धरलं. तिले हरली म्हणाल?

निवृत्त_मास्तर:
मुद्दा पटण्यासारखा आहे. मी म्हणालो म्हणून खरं, असं नाही.

कपाशीवाला:
आजीचा विषय निघालाच तर आमच्याकडं बोंडअळीनं यंदा…

वऱ्हाडी_ठसका:
धागा दुसरा काढा भाऊ.

नेट_तिसऱ्यांदा:
बोलीचा परिच्छेद काढून टाक, शेवटाशी जुळत नाही.

निवृत्त_मास्तर:
यावर मी अडतो. जुळवता येईल असं वाटतं, पण दहा ओळींत दोन धागे ओढले की दोन्ही तुटतात.

दारव्ह्याची_पोर:
लाइट गेली होती, कंदिलाच्या उजेडात लिहिलं. सुरुवात बदलली नाही, मास्तर. पानं पुन्हा लिहायला वेळ नाही आणि ठसका यांचं म्हणणं मनातून जाईना. शेवट असा:
"सुरुवातीला कौतिकला मी न हरणारी म्हटले. आता तो शब्द मला अपुरा वाटतो. ती कोलमडते, पण कष्टात कमी पडून नव्हे. घर उभे राहते ते एकाच अंगावर, आणि त्या अंगाला हात देणारे कुणी येत नाही. म्हणून तिच्या कोलमडण्याला हार म्हणायचे की नाही, हा प्रश्न तिच्यापेक्षा तिच्या भोवतीच्यांना विचारावा लागतो. तिचे बोलणे वऱ्हाडीत आपल्या कानावर पडते, आणि ऐकणारे आपणही त्या भोवतीच्यांत येतो."
साडेनऊ ओळी झाल्या. बोलीही घेतली.

निवृत्त_मास्तर:
शेवटचं वाक्य मला धाडसाचं वाटतं. मी असतो तर काढलं असतं.

दारव्ह्याची_पोर:
ठेवते.

कपाशीवाला:
अक्षर कसं आलं?