मदत हवी आहे: ओवीची हिंदी सबटायटल्स वाचताना प्रेक्षकांचं आजीकडे लक्षच जात नाही

गोदाकाठ:
आमच्या २२ मिनिटांच्या माहितीपटात परभणीकडची एक आजी जात्यावर ओव्या म्हणते. तो लखनौला दाखवायचाय, म्हणून हिंदी सबटायटल्स करतेय. एका ओवीवर अडले आहे:

बंधु येतो गं न्यायाला, वाट शेताच्या बांधाची
सासू म्हणे जाऊ नको, सुगी आली जोंधळ्याची

पहिली ओळ आजी दोनदा म्हणते, प्रत्येक वेळी साधारण ४ सेकंद. मग दुसरी ओळ. पहिल्या ओळीसाठी मी लिहिलं होतं: "मेरा भाई मुझे मायके ले जाने आ रहा है, खेत की मेड़ के रास्ते". सबटायटल एडिटमध्ये काही लाल होत नाही. पण चार हिंदी भाषक मित्रांना दाखवलं, तर "जाऊ नको" म्हणताना आजी जात्याचा खुंटा धरून थांबते, ते एकालाही दिसलं नाही. सगळे खालीच वाचत होते. काय कापू?

दूरदेशी:
मी मराठी मंडळासाठी गाण्यांची भाषांतरं करतो. आधी चाल पकडा, मात्रा मोजा आणि यमक "ची"वरच ठेवा. मग ओळ गाता येईल.

गोदाकाठ:
दादा, हे कुणी गाणार नाहीये. आजी गात असताना लोकांनी फक्त वाचायचंय. यमक सांभाळायला गेले तर शब्द वाढतात.

टंकयात्री:
तुमची ओळ सॉफ्टवेअरला ५९ अक्षरांची दिसते, कारण ते काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजतं. "रास्ते" आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, तिथे सहा मोजले जातात. म्हणजे खरी ओळ छोटीच आहे. उलट अजून शब्द घालायला जागा आहे!

चित्रपट्टी:
मोजणी बरोबर आहे, निष्कर्ष नाही. लाल झालं नाही याचा अर्थ एवढाच, की ओळ वाचून संपेल. चेहरा पाहायला वेळ उरेल असं सॉफ्टवेअर सांगत नाही. मी १५ वर्षं हे काम करतोय. गाण्यात मी ओळ इतकी छोटी ठेवतो, की अर्ध्या वेळात वाचून व्हावी आणि उरलेला अर्धा वेळ नजर वर असावी. तपासायला सोपं आहे: ज्याने गाणं ऐकलेलं नाही अशा माणसाला एकदाच दाखवा आणि ओळीचा अर्थ नाही, पडद्यावर काय घडलं ते विचारा.

ओवीच्या आधीच्या शॉटमध्ये काय आहे?

गोदाकाठ:
आम्ही बांधावरून चालत आजीच्या घरी जातो, तेच.

चित्रपट्टी:
मग बांध प्रेक्षकांनी नुकताच पाहिलाय, "मेड़" सोडा. "मायके"ही सोडा. लखनौकडे "भैया लिवाने" म्हटलं की माहेर आलंच, सासरी असलेल्या बहिणीलाच भाऊ लिवाने येतो. बंधु आणि बांध यांचा नाद मात्र लिहून मिळणार नाही. तो कानाने मिळू दे.

दुसऱ्या ओळीत शब्दांचा क्रम सांभाळा. "सासू" हिंदी माणसाला ऐकूनही कळते. तिने तोंड उघडताक्षणी खालीही "सास"च पहिला हवा, नाहीतर कान एक सांगतो आणि डोळा दुसरं.

```
41
00:04:12,000 --> 00:04:16,000
भैया लिवाने आते हैं

42
00:04:20,300 --> 00:04:24,500
सास कहे: मत जा,
ज्वार की कटाई है
```

मधले चार सेकंद मुद्दाम रिकामे आहेत. आजी तीच ओळ परत म्हणते तेव्हा वाचायला नवं काही नसतं, नजर वर जाते आणि सासू येते तेव्हा वरच असते. दोन्ही ओळी एकदम दाखवू नका, नकार गाण्याआधीच फुटतो.

टंकयात्री:
पण ओळ गायली जातेय आणि खाली काहीच नाही, तर लोकांना सबटायटल गळलं असं वाटेल. मला तरी वाटतं.

चित्रपट्टी:
पहिल्या ओवीला वाटू शकतं. दुसऱ्या-तिसऱ्या ओवीला सवय होते. तुमच्याकडे किती ओव्या आहेत?

गोदाकाठ:
तीनच. आणि ही पहिली.

चित्रपट्टी:
मग अवघड आहे. या पहिल्या ओवीत ओळ दोन्ही वेळा ठेवून, पुढच्या दोन ओव्यांत रिकामं सोडून बघा. खात्री देत नाही.

साताऱ्याची_लेक:
माझी आई अशा ओव्या म्हणायची, म्हणून एक सांगते. ओवीतला "बंधु येतो" म्हणजे तो आलाय असं नाही. कित्येकदा भाऊ यायचाच नाही, बाई दळता दळता त्याला बोलवायची. "आते हैं" वाचून मला तो दारात उभा दिसला. मग सासू नको म्हणते त्याचा अर्थच बदलतो.

गोदाकाठ:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "भैया आएँगे लिवाने" केलं तर वाट पाहणं येतं, पण "येतो"मधली तिची खात्री जाते. आजींना फोन करून विचारते, त्यांचा भाऊ त्या वर्षी आला होता का.

साताऱ्याची_लेक:
विचार गं. आणि काय म्हणाल्या ते इथे लिही.