कळ, मुरडा, ठणका: नेमका फरक काय?

लेक: आईला परवा दवाखान्यात नेलं. ती म्हणाली, "पोटात कळ येतेय." डॉक्टर अमराठी, म्हणून मी "पोट दुखतंय" असं सांगून टाकलं. तेव्हापासून वाटतंय, काहीतरी सांगायचं राहिलं. कळ म्हणजे नुसतं दुखणं का?

शब्दवेडा: कळवळणे, कळवळा ही त्याच घरातली वाटतात. शिवाय कळ म्हणजे बटणही.

निवृत्त परिचारिका: राहिलं खरं. कळ 'येते' आणि 'जाते', ते क्रियापदच महत्त्वाचं. उठते, चढते, ओसरते, मध्ये माणसाला बरं वाटतं. आतडं किंवा मूत्रनलिका अडलेली वाट मोकळी करायला आवळते, तेव्हा असं होतं. मुरडा त्यातलाच, पण त्यासोबत शौचाला लागते आणि जाऊन आल्यावर जरा सुटल्यासारखं वाटतं. ठणका वेगळा. तो नाडीच्या ठोक्यासारखा ठणठणतो, पिकलेल्या गळवात किंवा दाढेत.

ओवावाले काका: येऊन-जाऊन असेल तर गॅसच. ओवा आणि काळं मीठ द्या.

निवृत्त परिचारिका: काका, गॅसची कळ तशीच असते, हे बरोबर. पण मूतखड्याचीही तशीच असते. ती कुशीतून जांघेकडे उतरते आणि माणूस तळमळतो, एका जागी पडून राहवत नाही. उलट पित्ताशयाच्या खड्याचं दुखणं, त्यालाही लोक कळच म्हणतात, बरेचदा तासन् तास एकसारखं राहतं. तेव्हा 'येते-जाते' यावरून निदान करू नका, फक्त तसं सांगा.

ताई, आईला विचारा: पहिल्यांदा कुठे दुखलं आणि आता कुठे दुखतंय? खोकलल्यावर वाढतं का?

लेक: विचारलं. काल सकाळी बेंबीभोवती होतं, संध्याकाळपासून उजवीकडे खाली. आता कळ नाही, सारखंच दुखतंय. रिक्षा खड्ड्यात गेली की पोट धरते. पाय पोटाशी घेऊन गप्प पडून आहे, जेवलीही नाही.

निवृत्त परिचारिका: आत्ताच इस्पितळात न्या, काही खायला देऊ नका. अपेंडिक्सच असेल असं मी म्हणत नाही, पण दुखणं असं सरकलं आणि हादऱ्याने वाढलं की आधी त्याचाच विचार करतात. तुम्ही आत्ता लिहिलंत तेच शब्द तिथे सांगा.

कोल्हापूरकर: आमचे वडील "पित्तानं छातीत जळजळ" म्हणायचे. खरं तर चढ चढताना छाती दाबल्यासारखी व्हायची, थांबलं की पाच मिनिटांत उतरायची. 'जळजळ' ऐकून आम्ही महिनाभर पित्ताच्या गोळ्या दिल्या. 'चढताना' हा शब्द आमच्याकडून कुणी डॉक्टरांना सांगितलाच नाही.

शब्दवेडा: मग 'सणक' कुठे बसते? आजी पाठीच्या दुखण्यालाही सणक म्हणते आणि दाताच्याही.

निवृत्त परिचारिका: क्षणभर विजेसारखी जाते ती, असं मी मानते. आमच्या वॉर्डात 'चमक' म्हणायचे. आजींना विचारा, किती वेळ टिकते.

लेक: इस्पितळात आहोत. सोनोग्राफीला नेलंय.