स्कॅन की स्क्रीनशॉट: शेजारी ठेवायचे तर कसे?

जास्वंद: घरातल्या जुन्या कॅलेंडरवर राजा रविवर्म्यांची 'हंस-दमयंती' आहे, छापील रुंदी ८ इंच. ६०० डीपीआयला स्कॅन केली, ४८०० पिक्सेल रुंद आली. भावाने मोबाइलवरून त्याच चित्राचा स्क्रीनशॉट पाठवला, फक्त १०८० रुंद. शेजारी ठेवले तर स्क्रीनशॉटच बरा दिसतो! असं कसं?

खडूस_पेठकर: ४८०० आणि १०८० शेजारी ठेवायचेच नाहीत. स्कॅन १०८० वर आणा, दोन्ही पीएनजी करा, मग बघा. विषय संपला.

शाईवाला: पेठकर, अर्धं पटलं. भावाकडून येताना स्क्रीनशॉट जेपेग झाला असेल तर जे गेलं ते गेलं, पीएनजी केल्याने परत येत नाही. आणि ४८०० हा आकडा स्कॅनरचा आहे, चित्राचा नव्हे. मी ऑफसेटच्या प्लेटा काढण्यात बरीच वर्षं घालवली. चांगल्या कॅलेंडरला साधारण १५० लाइनचा स्क्रीन असतो, म्हणजे इंचाला १५० ठिपके. ८ इंचांत झाले १२००. तुमच्या स्कॅनमध्ये एकेका ठिपक्याला चार-चार पिक्सेल मिळालेत, म्हणून दमयंतीचा गाल मोठा केला की गाल दिसत नाही, निळे-गुलाबी-पिवळे ठिपके दिसतात. ठसठशीत कडांवर १२०० पेक्षा थोडं जास्त हाती लागतं, पण ४८०० कधीच नाही.

परीक्षार्थी_९८: मला फॉर्मसाठी फोटो ५० केबीच्या आत हवाय. स्कॅन करू की स्क्रीनशॉट काढू?

खडूस_पेठकर: बाबा रे, वेगळा धागा काढ.

जास्वंद: पेठकरांनी सांगितल्याप्रमाणे १०८० केलं. आता चेहऱ्यावर पाण्यासारख्या लाटा आल्यात, मूळ स्कॅनमध्ये त्या नव्हत्या.

शाईवाला: त्याला आम्ही मॉयरे म्हणतो. ठिपका चार पिक्सेलांचा आणि तुम्ही साडेचारचा एक करताय. दोन जाळ्या एकमेकींवर किंचित तिरक्या ठेवल्या की नक्षी उमटते, तसंच हे. आधी ठिपके विरघळवा, म्हणजे थोडं धूसर करा, मग लहान करा.

मिहीर_पुणे: वा! आधी स्कॅन धूसर करायचा आणि मग म्हणायचं स्क्रीनशॉट रेखीव. ही कसली रास्त तुलना?

शाईवाला: मुद्दा खरा आहे, माझं वाक्य अपुरं होतं. जे एकाला तेच दुसऱ्यालाही. स्क्रीनशॉट ४८०० पर्यंत वाढवा, तेवढाच धूसर करा, आणि दोन्ही एकाच वाटेने खाली आणा:

```
magick shot.png -resize 4800x -gaussian-blur 0x2 -resize 1080x a.png
magick scan.tif -gaussian-blur 0x2 -resize 1080x b.png
```

त्याआधी स्क्रीनशॉटमधली वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी कापा. कॅलेंडरवाले चित्राच्या कडाही छाटतात, तेव्हा रुंदी जुळली म्हणजे माप जुळलं असं नाही. हंसाची चोच आणि दमयंतीचा डोळा यांतलं अंतर दोन्हीकडे मोजा आणि त्यावरून एकसारखा भाग कापा.

मिहीर_पुणे: तरी २ हा आकडा तुमच्या डोळ्याचा. १ घेतला तर निकाल बदलेल.

शाईवाला: बदलू शकतो. १ वर ठिपके उरतात, ३ वर काठही जातो. मी लाटा जाईपर्यंत वाढवतो आणि तिथे थांबतो.

वसुधाताई: माझ्या आजोळी रविवर्म्यांच्या छापखान्याचं जुनं शिळाछाप चित्र आहे. भिंगातून पाहिलं तर ठिपके आहेत, पण कसेही विखुरलेले. त्यालाही हेच करायचं?

शाईवाला: ताई, ते ठिपके कारागिराने दगडावर हाताने टाकलेले. ठरावीक जाळी नाही, त्यामुळे लाटा सहसा येत नाहीत. ते विरघळवू नका, तिथे ठिपका हाच चित्राचा भाग आहे.

जास्वंद: केलं, शाईवालेकाका. हंसाची मान दोन्हीत सारखी. साडीच्या काठाची नक्षी स्कॅनमध्ये सुटी दिसते, स्क्रीनशॉटमध्ये लाल रंग सोनेरीत पसरलाय. पण चेहऱ्याची छटा स्क्रीनशॉटमध्येच छान.

शाईवाला: लाल पसरतो तो जेपेगमुळे, बहुतेकदा तो रंग अर्ध्याच बारकाव्याने साठवतो. स्क्रीनशॉट तीनपट मोठा करून पाहा, चौकटी दिसतील. त्या मूळ मापात ८ पिक्सेलांच्या असतात. १२ च्या निघाल्या तर चित्र आधीच दीडपट ताणलेलं होतं, म्हणजे १०८० पैकी खरे ७२०.

जास्वंद: ८ च्याच आहेत.

खडूस_पेठकर: मग छटेचं काय? कॅलेंडरचा कागद पिवळा पडलाय, तो कोण धुणार?

मिहीर_पुणे: आणि भावाच्या मोबाइलने रंग भडक केले नसतील कशावरून? मूळ चित्र तिरुअनंतपुरमला, इथे कुणी ते समोर उभं राहून पाहिलंय?

शाईवाला: मी नाही. रंगावर मी गप्प. काठावर बोलतो.