मदत हवी आहे: सिम नसलेल्या फोनचं घड्याळ मागे पडतं, ऑथेंटिकेटरचे कोड चालत नाहीत

नमस्कार मंडळी. बाबांचा जुना अँड्रॉइड फोन परळच्या घरी सिमशिवाय, फक्त ऑथेंटिकेटरसाठी ठेवलाय. हल्ली प्रत्येक कोड ‘चुकीचा’ ठरतो. time.is वर पाहिलं तर फोन 95 सेकंद मागे! कोड दर 30 सेकंदांनी बदलतो, सर्व्हर बहुधा मागचा-पुढचा एखादाच चालवून घेतो. आमचा किमान तीन कोड शिळा. टाइमझोन भारताचाच आहे.

ऑटोमॅटिक वेळ बंद करून, मिनिट बदलताना नेमकं ओके दाबलं की कोड लगेच चालतो (सेकंद लावताच येत नाहीत). पण ऑटोमॅटिक चालू ठेवलं की घड्याळ पुन्हा मागेच राहतं. सिम नाही म्हणजे मोबाइल नेटवर्कची वेळ नाही, उरलं वायफाय. इंटरनेटवरून वेळ जुळवायला लागणारा यूडीपी पोर्ट 123 सोसायटीचा राउटर अडवत असेल का? हॉटस्पॉटवर जोडून खात्री होईल का? बाबांना बँकेचं काम अडतंय, कृपया सांगा.